पासपोर्ट हरवला किंवा नावाच्या स्पेलिंगने छळलं? तुमचे अनुभव लिहा

मेथीची जुडी
काल कपाट आवरताना सासूबाईंच्या जुन्या पासपोर्टची झेरॉक्स हाती लागली आणि सगळं आठवलं. सांगलीहून पुण्याला सामान हलवताना मूळ पासपोर्ट गेला तो गेलाच. त्यात पासपोर्टवर Jyostna Dattatray, आणि आधार, पॅन, मतदार ओळखपत्र तिन्हींवर Jyotsna Dattatraya. नणंदेचं बाळंतपण मस्कतला, म्हणजे थांबायची सोय नाही.

आधी पोलिसांत हरवल्याची तक्रार. त्यात नाव जुन्या पासपोर्टवरचंच लिहिलं, नंबर झेरॉक्सवरून. मग पोर्टलवर Re-issue of Passport. कारणांत Lost Passport आणि Change in Existing Personal Particulars अशी दोन्ही, आणि अर्जात नाव आधारवरचं. मुदत बाकी असताना हरवलेला, म्हणून ३६ पानांना पंधराशेऐवजी तीन हजार.

केंद्रात ए काउंटरला फोटो, बोटांचे ठसे. बी काउंटरवरच्या बाईंनी झेरॉक्स आणि आधार शेजारी ठेवून विचारलं, "आजी, हे स्पेलिंग कुणी केलं?" सासूबाई म्हणाल्या, "एजंटाने. मी मराठीत सही करते." बाई हसल्या, तिन्ही ओळखपत्रं पाहिली आणि पुढे पाठवलं. नंतर पोलीस घरी येऊन गेले, मगच पासपोर्ट आला.

कोकणकडा
आमच्या घरात Chougule, Chaugule आणि Chaugale असे तिघे सख्खे भाऊ आहेत. वडिलांना विचारलं तर म्हणतात, मास्तरांना विचारा 😄

डोंबिवली फास्ट लोकल
लिहून ठेवा सगळ्यांनी, हरवला असेल तर स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र आणि नोटरी लागतेच. मी केलंय. आणि एफआयआर पण.

झेरॉक्सवाला
फॉर्म भरून द्यायचंच काम करतो, म्हणून सांगतो. पोलीस रिपोर्ट लागतो, हे बरोबर. पण परिशिष्टं २०१६ च्या डिसेंबरपासून साध्या कागदावर स्वयंघोषणा म्हणून चालतात, नोटरीची गरज नाही. हरवल्याचं ते परिशिष्ट एफ. कधी, कुठे, कसा हरवला ते त्यात लिहायचं. पोलीस रिपोर्टमधल्या मजकुराशी ते जुळलं पाहिजे. एकात "प्रवासात" आणि दुसऱ्यात "घरातून" असलं की काउंटरवर प्रश्न सुरू.

स्पेलिंगचं खरं कोडं वेगळं आहे. Jyostna चं Jyotsna हा किरकोळ बदल, कागद दाखवले की होतो. पण आडनावच बदललं किंवा नाव पूर्ण वेगळं झालं, तर दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, राजपत्र वगैरे लागू शकतं. मधल्या केसेसमध्ये अधिकाऱ्याचं मत चालतं. Wagh चं Vagh एकाचं सहज झालं, दुसऱ्याला परत पाठवलं. म्हणून आधी कागद एकसारखे करा, अर्ज नंतर.

डोंबिवली फास्ट लोकल
मी २०१२ ला केलं होतं, तेव्हा लागलं होतं. असो.

पिंट्याची आई
माझ्या आधारला जुना मोबाईल नंबर आहे, ओटीपीच येत नाही, काय करू? मुलाचा पहिलाच पासपोर्ट काढायचाय.

मेथीची जुडी
ताई, आधार केंद्रात जाऊन नंबर बदला. पासपोर्टचा धागा आहे हा, पण तुमचं काम आधी होऊ दे 🙂

गोव्याचो
माझा बार्सिलोनात मेट्रोत मारला, पाकीटासकट. दूतावासाने इमर्जन्सी सर्टिफिकेट दिलं. त्यावर भारतात परतता येतं, पुढे फिरता येत नाही. पॅरिसचं तिकीट गेलं. इथे आल्यावर नवीन अर्ज, जुन्याचा व्हिसाही त्याच्याबरोबर गेला. मेलवर स्कॅन होता म्हणून नंबर तरी सापडला.

कोकणकडा
माझ्या मित्राला तक्रार दिल्यावर पासपोर्ट सापडला, गादीखाली. आता वापरला तर?

झेरॉक्सवाला
वापरू नका! हरवल्याची नोंद झालेला असतो, विमानतळावर अडकवतील. नवीन काढायला आणि जुना जमा करायला सांगा.

पिंट्याची आई
केंद्राबाहेर झेरॉक्सला वीस रुपये एका पानाला घेतात हे खरं का?

झेरॉक्सवाला
माझ्याकडे दोन 😎

निवांत मी
सगळे कागद एकसारखे करा म्हणता, पण माझ्या दहावीच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. हे स्पेलिंगमध्ये धरतात का? कुणाला विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो.