'तळाकडची शर्यत' की 'दरकपातीची चढाओढ'?

मृणालिनी, सातारा
वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. कंपन्या आपल्याकडे याव्यात म्हणून देश एकमेकांपेक्षा कमी कर लावत जातात, त्याला मी 'तळाकडची शर्यत' म्हटले होते. संपादकांनी ते खोडून 'दरकपातीची चढाओढ' असे केले. आयर्लंडने 2003 मध्ये कंपन्यांवरील कर 12.5 टक्क्यांवर आणला आणि हंगेरीने 2017 मध्ये 9 टक्क्यांवर. दर उतरत असताना 'चढाओढ' कानाला खटकते. जाणकारांनी मत द्यावे.

नानासाहेब, सांगली
संपादकांची चूक आहे. 'चढाओढ' शब्दात चढणे आणि ओढणे आहे, म्हणजे वर जाण्याची धडपड आहे. येथे 'उतरओढ' असा शब्द घडवावा. तसेही कंपन्यांवरील किमान कराबाबत अनेक देशांनी केलेल्या 2021 च्या करारानंतर प्रत्येक देशाला 15 टक्के दर ठेवावाच लागतो, तेव्हा हा प्रकार आता इतिहासजमा झाला आहे.

विश्वास, कराड
नानासाहेब, 'उतरओढ' कोणी बोलणार नाही. मी सरकारी बांधकामाची कामे घेतो. आमच्याकडे टेंडर 'बिलो', म्हणजे सरकारने काढलेल्या अंदाजापेक्षा कमी रकमेचे, भरतात. एकाने दहा टक्के बिलो भरले की दुसरा पंधरा भरतो, शेवटी काम मिळालेल्याला सिमेंटमध्ये हात आखडता घ्यावा लागतो. या सगळ्याला आम्ही चढाओढच म्हणतो, आणि त्यात कोणाला काही खटकत नाही.

अनघा, सांगली
शब्दाचा निवाडा तुम्ही करा. मी सनदी लेखापाल आहे, म्हणून कराराविषयी लिहिते. नानासाहेब, 15 टक्के दर ठेवण्याची सक्ती कोणत्याही देशावर नाही. हंगेरीचा दर आजही 9 टक्केच आहे. करारात आहे ते एवढेच, की मोठ्या कंपनीसमूहाने एखाद्या देशात 15 टक्क्यांपेक्षा कमी कर भरला असेल, तर उरलेला कर कोणीतरी वसूल करावा.

समजा, एका जर्मन समूहाच्या हंगेरीतील कंपनीला 100 कोटींचा नफा झाला आणि तिने 9 कोटी कर भरला. वरकरणी 6 कोटी बाकी राहतात. परंतु तेथे खरोखर कारखाना आणि कामगार असतील, तर पगाराचा आणि यंत्रे-इमारतींच्या किमतीचा ठरावीक हिस्सा नफ्यातून आधी वगळला जातो. 2033 पासून तो हिस्सा दोन्हींचा 5 टक्के असेल. सध्या तो त्याहून अधिक आहे. पगार 100 कोटी आणि मालमत्ता 300 कोटी असेल, तर 5 टक्क्यांनी 20 कोटी वगळले जातील, उरलेल्या 80 कोटींवर 6 टक्के, म्हणजे 4.8 कोटी कर लागेल. एकूण कर 13.8 कोटी झाला, 15 नव्हे. केवळ पाटी लावलेले कार्यालय असेल, तर मात्र पूर्ण 6 कोटी द्यावे लागतील. हे पैसे हंगेरीने घेतले नाहीत तर जर्मनी घेईल, म्हणून हंगेरीने 2024 पासून ते स्वतःच घेण्याचा कायदा केला.

नितीन, मिरज
म्हणजे आमचाही कर 15 टक्क्यांवर येणार का? माझी सुट्या भागांची छोटी कंपनी आहे. 2019 च्या सवलतीनुसार 22 टक्के दर घेतला, तरी अधिभार आणि उपकर धरून 25.17 टक्के भरतो.

अनघा, सांगली
नितीनदादा, ही मर्यादा खालची आहे, वरची नव्हे. तुमचा दर त्यामुळे कमी होणार नाही. शिवाय ज्या समूहाची वार्षिक उलाढाल 75 कोटी युरो, म्हणजे साधारण सात-आठ हजार कोटी रुपयांच्या पुढे आहे, त्यालाच हा नियम लागू होतो. तुमची कंपनी त्यात येत नाही.

चढाओढ थांबली आहे, असेही मला वाटत नाही. तिने दिशा बदलली आहे. दर कमी केला तर फरक दुसरा देश घेऊन जातो. मात्र सरकारने चार वर्षांच्या आत रोखीने परत द्यावी लागणारी सवलत दिली, तर हिशेबात ती करातील घट न धरता कंपनीचे उत्पन्न धरली जाते. त्यामुळे दर 15 टक्के ठेवून दुसऱ्या हाताने पैसे परत देण्याचा मार्ग मोकळा राहतो, आणि ज्यांची तिजोरी भरलेली आहे अशा देशांनाच तो परवडतो. मला यातला हाच भाग सर्वांत अन्यायाचा वाटतो.

मृणालिनी, सातारा
अनघाताई, या 4.8 कोटींच्या कराला मी 'पूरक कर' लिहिले आहे. तो वेगळाच, नवा कर वाटतो का?

अनघा, सांगली
वाटतो. आम्ही पगाराचा फरक, व्याजाचा फरक म्हणतो, तसे 'फरकाचा कर' म्हणावे. कशातला फरक आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळेल.

नानासाहेब, सांगली
'फरक' अरबी आहे. पाठ्यपुस्तकात 'तफावत'ही नको आणि 'फरक'ही नको, 'अंतरकर' लिहावे. दराबाबतची दुरुस्ती मान्य, पण 'उतरओढ' मी मागे घेत नाही.

विश्वास, कराड
अरबी म्हणून 'फरक' काढायचा, तर मृणालिनीताईंची 'शर्यत'सुद्धा अरबीतूनच आली आहे. तीही काढायची का, ते आधी ठरवा.