पावसाळ्यानंतरचा राजगड, पहिल्यांदाच आणि एका दिवसात: अनुभव सांगा

ओवी:
ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी आम्ही ऑफिसातले सहा जण पुण्याहून राजगडाला जायचं म्हणतोय. दोघंजण पूर्वी सिंहगड चढलेत, बाकीच्यांची पाटी कोरी. मुक्काम नाही, संध्याकाळी घरी परत. किती वाजता निघावं, पाणी किती न्यावं आणि गर्दीचं काय करावं, एवढंच विचारायचंय. ‘मजा करा’ सोडून काहीही सांगा. 😀 जे जाऊन आलेत त्यांनी आपला दिवस कसा गेला ते लिहावं, म्हणजे पुढच्यांनाही उपयोग होईल.

बंड्या पुणेकर:
अहो, काळजी कसली करताय? रोपवे आहे की! सकाळी नऊला रांगेत उभं राहायचं, काही मिनिटांत वर. मागच्या दिवाळीत सासूबाईंना घेऊन गेलो होतो. होळीचा माळ, बाजारपेठ, समाधी, सगळं आरामात बघून झालं. पाण्याची बाटली वर विकत मिळते.

पायवाट:
बंड्याशेठ, तो रायगड. ओवीताई राजगड म्हणतायत. तिथे रोपवे नाही, पायच वापरावे लागतात.

आता मुद्द्याचं. राजगडाच्या गर्दीचा विचार करताना गडावर एकूण माणसं किती हे सोडून द्या. गड अवाढव्य आहे, तीन माच्या आहेत, हजार माणसं आली तरी पसरतात. गर्दी तुंबते ती दोनच ठिकाणी. गुंजवण्याकडून चढताना चोर दरवाज्याखालचा कातळटप्पा, आणि वर बालेकिल्ल्याचा उभा चढ. दोन्हीकडे रेलिंग आहे, खोबण्या आहेत, पण वाट एकाच माणसाची. वरून उतरणारा आणि खालून चढणारा समोरासमोर आले की एकाला अंग चोरून उभं राहावं लागतं. त्यात एखादा नवखा मध्येच घाबरून थबकला, की मागे तीस जण उन्हात.

म्हणून वेळापत्रक या दोन जागांभोवती आखायचं. पुण्यातून पावणेपाचला गाडी हलली पाहिजे. नसरापूर फाट्याला आत वळून मार्गासनी, साखर करत गुंजवणे गाठेपर्यंत साडेसहा-पावणेसात होतात. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे विजेरीची गरज पडत नाही. सातला चढायला लागलात तर नवख्यांच्या चालीने सव्वानऊपर्यंत पद्मावती माचीवर. इथे बहुतेक जण फतकल मारून पोहे खातात. तुम्ही खाऊ नका. दोन घोट पाणी प्या, खजूर तोंडात टाका आणि तडक बालेकिल्ला करून या. साडेदहा-अकरानंतर त्याच चढाला रांग लागते. जेवण उतरल्यावर.

साताऱ्याची सून:
वरचं अगदी खरं. आम्ही उलटं केलं होतं. आधी पद्मावती माची निवांत, फोटो, पिठलं-भाकरी, ताक, मग बाराला बालेकिल्ला. चढाच्या पायथ्याशी पाऊण तास उभे होतो. कातळ तापलेला, सावली नाही, आणि आदल्या तासाभरात एवढं ताक पोटात गेलेलं की चढताना नकोसं झालं. आमच्यातल्या एकीने वर जायचा नाद सोडला आणि खाली बसून राहिली. तिनेच सगळ्यात शहाणपणा केला असं आता वाटतं.

बाकी माझा प्रश्न वेगळाच आहे. माझे गुडघे चढताना बोलत नाहीत, उतरताना बोलतात. चोर दरवाज्याने उतरणं टाळता येतं का?

डोंगरवेडा:
टाळता येतं, टाळावंच. ताई, पाली दरवाज्याने उतरा. तो जुना राजमार्ग, पायऱ्या आहेत, एकामागे एक दोन दरवाजे आहेत, वाट रुंद आहे. लांब पडते, पण समोरून माणूस आला तरी कुणाला थांबावं लागत नाही. अडचण एकच, गाडी राहते गुंजवण्यात आणि तुम्ही उतरता पाली-वाजेघरच्या बाजूला. दोन गावांमध्ये रस्त्याने चांगलाच वळसा आहे. गाडीला ड्रायव्हर असेल तर त्याला सकाळीच तिकडे पाठवून द्या. नसेल तर सरळ दोन्ही वेळा पालीचीच वाट धरा. माझं मत विचाराल तर पाटी कोरी असलेल्या चौघांसाठी तेच बरं. ‘चोर दरवाज्याने चढलो’ हे सांगायला छान वाटतं, एवढंच.

पायवाट:
इथे माझा थोडा मतभेद. कातळटप्पा चढताना नवख्यांना जमतो, उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही म्हणून घाबरतात. चोर दरवाज्याने चढून पालीने उतरणं हा उत्तम तोडगा, गाडीची सोय झाली तर. मात्र आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर मीही पालीच म्हणेन. सप्टेंबरअखेरीपर्यंत कातळावर शेवाळ असतं, ऑक्टोबर सरता सरता वाळतं.

गडकरी काका:
पाण्याचं एवढं काय? गडावर टाकी आहेत, पद्मावती मंदिरापाशी आहे, पावसाळ्यानंतर तुडुंब असतात. आम्ही तरुणपणी एक बाटली घेऊन जायचो. तुरटी फिरवायची, फडक्याने गाळायचं आणि प्यायचं. काही होत नाही.

दवाखानावाली:
काका, टाकी तुडुंब असतात हे बरोबर, आणि तुरटीने गढूळपणा खाली बसतो हेही बरोबर. पण तुरटीने जंतू मरत नाहीत, फडक्याने तर नाहीच. पाणी दिसायला काचेसारखं आणि दोन दिवसांनी पोट बिघडलेलं, असं होतं. पावसाळाभर माचीवरचं सगळं वाहून कुठे जातं याचा विचार करा. त्यात हल्ली रविवारी किती माणसं वर असतात तेही बघा. टाक्याचं पाणी घ्यायचीच वेळ आली तर आधी निवळू द्या, मग क्लोरीनचे थेंब किंवा गोळी पाकिटावर लिहिलेल्या मापाने टाका आणि अर्धा तास थांबून प्या. गढूळ पाण्यात थेंब टाकले तर ते गाळातच खर्ची पडतात, म्हणून निवळणं आधी. तोंड धुवायला, टोपी भिजवायला मात्र टाक्याचं पाणी बिनदिक्कत वापरा. पाणी बाटलीने वर काढा, टाक्यात हातपाय बुडवू नका.

ओवी, माणशी तीन लिटर घरून न्या. हिशोब असा: चढायला दोन-सव्वादोन तास, तिथे एक लिटर जातं. बालेकिल्ला आणि माचीवर फिरण्यात दुसरं. तिसऱ्याला उतरायला लागेपर्यंत हात लावायचा नाही. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं. सकाळी धुकं असतं म्हणून कुणी पाणी पीत नाही, घाम मात्र येतच असतो, कारण हवा दमट असते. मग अकराला ऊन एकदम चटकतं आणि तहान भागतच नाही. थोड्या थोड्या वेळाने दोन-तीन घोट, तहान लागायची वाट न बघता.

आणि नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही. पोटरीत गोळे यायला लागले, डोकं जड झालं, तर मीठ कमी पडलंय समजा. एक लिटरची एक बाटली ओआरएसची असू द्या. पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण लिटरमध्येच मिसळायचं, अर्ध्या बाटलीत कोंबायचं नाही. लघवी गडद पिवळी दिसली किंवा सकाळपासून लागलीच नाही, तर तो माणूस कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणो, त्याला सावलीत बसवून आधी पाणी पाजा. बायका वर आडोसा मिळत नाही म्हणून मुद्दाम कमी पितात, हे मी फार बघते. त्याची सोय आधीच बोलून ठेवा.

गडकरी काका:
बरं बाई, थेंब घेतो खिशात. पण आमच्या वेळी पोटं मजबूत होती, हे मी मागे घेत नाही.

ओवी:
काका 😂. रविवारी वर ताक-सरबत मिळतं म्हणतात, मग तीनच्या जागी दोन लिटर चालेल का? पाठीवर वजन होतंय असं एकाचं म्हणणं आहे.

मावळातला:
मी गुंजवण्याच्या खोऱ्यातलाच. शनिवार-रविवारी वर लिंबू सरबत, ताक, पिठलं-भाकरी मिळते, गावातलेच लोक सगळं डोक्यावर वाहून नेतात. मधल्या वारी कुणी असेलच असं नाही. म्हणजे गर्दी टाळायची म्हणून मंगळवारी आलात तर पाणी पूर्ण आणायचं. रविवारी आलात तरी सरबत हे वरकड धरा, हिशोबात धरू नका. दुपारी दोनला बर्फ संपलेला असतो आणि उतरणारे सगळे तहानलेले असतात.

अजून एक, दुपारचं. परतीचा पाऊस ऑक्टोबरात केव्हाही गाठतो. सकाळ लख्ख असते, एक-दीडला पश्चिमेकडे ढग चढायला लागतात आणि तीन-चारला गडगडाट. माचीवर विजेला आडोसा नाही, आणि बालेकिल्ल्याच्या रेलिंगला धरून उभं राहणं म्हणजे लोखंडाला धरून उभं राहणं. ढग काळे दिसले की उरलेलं बघायचा मोह सोडा. आमच्याकडचे लोक एकच्या पुढे पाहुण्यांना सुवेळा माचीकडे पाठवत नाहीत. तिकडे नेढ्यापाशी मधमाश्यांची पोळीही असतात. अत्तर फवारून, मोठ्याने गाणी लावून जाऊ नका, आणि धूर तर मुळीच नको.

एकटा जीव:
गाडी नसलेल्यांचं कुणी बोलतच नाही. मी स्वारगेटहून वेल्ह्याच्या एसटीने मार्गासनीला उतरलो, तिथून जीप. पायथ्याला पोचेपर्यंत साडेनऊ वाजले. म्हणजे तुमचं ते ‘सातला चढा’ माझ्यासाठी नाहीच. ऐन उन्हात चढलो, चोर दरवाज्याखाली रांगेत थांबलो, बालेकिल्ला सोडला, संजीवनी माचीकडे थोडं जाऊन परतलो. गर्दी जवळपास नव्हतीच तिकडे. गवत मात्र कमरेएवढं, तटाचा काठ कुठे संपतो ते दिसत नाही, म्हणून मळलेली वाट सोडली नाही. परतीची शेवटची जीप चुकू नये म्हणून साडेतीनला खाली. उशिरा पोचणाऱ्यांनी बालेकिल्ला सोडून माची धरावी, असं मला वाटतं.

डोंगरवेडा:
पटलं. फक्त उतरताना जपा. लोक ओल्या वाटेला घाबरतात, पण ऑक्टोबरात वरचा थर सुकून मुरूम मोकळा होतो आणि त्यावरून बूट गोट्यांवरून जावा तसा सटकतो. टाच रोवून, छोटी पावलं टाकत उतरायचं. जुना, तळ झिजलेला बूट घालून येणारा हमखास बसतो.

साताऱ्याची सून:
पण सहा जणांत चौघं कोरे असताना पहिलाच गड राजगड का? तिकोना करा की. तास-सव्वा तासात वर.

पायवाट:
तिकोन्यालाही शेवटच्या उंच पायऱ्यांवर रविवारी हेच होतं, ताई. चढ कमी म्हणून तिथे गर्दी उलट जास्त.

ओवी:
ठरलं असं: शनिवारी सुट्टी मिळते का बघतो, नाहीतर रविवार. पावणेपाचला निघणार, पालीने चढून पालीनेच उतरणार, बालेकिल्ला आधी, एकला परतीला सुरुवात. पाणी तीन-तीन लिटर. तिकोना की राजगड यावर मात्र ग्रुपमध्ये अजून भांडण चालू आहे. वाजेघरला गाडी लावायला जागा कितपत असते, कुणाला माहीत आहे का?

मावळातला:
सातच्या आत आलात तर मिळेल. नऊनंतर रस्त्याच्या कडेला लावावी लागते आणि तिथून चालत यावं लागतं. शेतात घालू नका, भात उभा असतो.