प्रतिसाद: जाम कारेत सगळीकडे चालत नाही

"इंडोनेशियात वेळेची किंमतच नाही, जाम कारेत म्हणून हसून मोकळे होतात."

जाम कारेत म्हणजे रबरासारखी ताणली जाणारी वेळ. त्यावर हसतात खरं, पण कौतुकाने कमी आणि वैतागून किंवा स्वतःवरच जास्त. आणि सरसकट किंमत नाही हे काही पटत नाही. रमजानमध्ये जकार्तात बघा, घरोघरी इम्साकियाहचं, म्हणजे रोज्याच्या वेळांचं, वेळापत्रक असतं, शहरागणिक वेगळं आणि मिनिटावर छापलेलं, त्यातला इम्साक म्हणजे पहाटेच्या अजानच्या १० मिनिटं आधीचा इशारा, आता खाणं आवरा. संध्याकाळी पण ताट समोर असलं तरी मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान होईपर्यंत कोणी घास उचलत नाही!

आता हेच लोक गल्लीतली मीटिंग 'बादा इसा' ठेवतात, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर. विषुववृत्त जवळ असल्याने इसा वर्षभर सातच्या आसपासच, मग नमाज, थोडं खाणं, माणसं जमेपर्यंत आठ वाजतात आणि ते कोणाला उशीर वाटतच नाही, कारण घड्याळाची वेळ कोणी दिलेलीच नसते. गोची होते ती आमंत्रणावर ठळक १९.०० छापूनही माणसं बादा इसाच्याच हिशोबाने निघतात तेव्हा, आणि वेळेवर आलेला बिचारा रिकाम्या खुर्च्या मोजत बसतो. साहेब उशिरा आले तर मात्र कोणी जाम कारेत म्हणत नाही हां, निदान तोंडावर तरी नाही.