पत्रात लिहिलंय "पगारात बदल नाही": तुमचे अनुभव सांगा

तराजूकाटा
चाकणच्या एका कारखान्यात नऊ वर्षं स्टोअर्समध्ये आहे. मागच्या महिन्यात हातात एक पानी पत्र आलं. पहिल्या तारखेपासून मी "स्टोअर्स असिस्टंट"चा "एक्झिक्युटिव्ह, स्टोअर्स अँड डिस्पॅच". आधी परचेस मॅनेजरच्या हाताखाली होतो, आता थेट प्लँट हेडच्या. कामात गाड्या लावणं, महिन्याची स्टॉक मोजणी आणि "कनिष्ठ कर्मचाऱ्यांवर देखरेख व त्यांच्या रजा मंजूर करणे" एवढी भर. शेवटची ओळ: "आपल्या वेतनात कोणताही बदल होणार नाही."

घरी पेढे आणले. मग पुढची स्लिप आली. मूळ आकडे खरंच तेच. फक्त ओव्हरटाइमच्या खान्यात शून्य. "एक्झिक्युटिव्हला ओटी नसतो," असं वेतन विभागाने सांगितलं. आमच्याकडे ओटीसाठी 18,720 रुपये धरतात, त्याला 26 दिवस आणि 8 तासांनी भागलं की तासाला 90, दुप्पट म्हणजे 180. मी महिन्याला साधारण 28 तास करायचो, म्हणजे 5,040 गेले. वर नऊ रात्रपाळ्यांचे 900. पगार बदलला नाही, हातात मात्र 5,940 कमी.

तुमच्याकडे अशी पत्रं आली तेव्हा काय झालं, ते लिहा.

हिंजवडीकर
आमच्याकडे शब्द वेगळा होता: "सीटीसी अपरिवर्तित". डिलिव्हरीतून प्रीसेल्सला हलवलं. सीटीसी 14 लाखच, पण आधी त्यातला दहा टक्के व्हेरिएबल होता, नव्या भूमिकेत वीस. म्हणजे 1 लाख 40 हजार पक्क्या पगारातून उचलून टार्गेटच्या भरवशावर ठेवले. महिन्याला अकरा हजार सहाशेच्या वर, कर धरायच्या आधी. पत्रासोबतचं दुसरं पान मी उघडलंच नव्हतं, ती चूक माझी.

दामूअण्णा
सही केलीत का? सही नसेल तर पत्र लागूच होत नाही. शिवाय सेवाशर्तीत काहीही बदल करायचा तर कंपनीला 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. कोर्टात उभं राहा, दोन मिनिटांत उडेल.

लेबरवाली
दामूअण्णा, निम्मं बरोबर. कामगारांच्या बाजूने बरीच वर्षं काम केलंय म्हणून लिहिते. 21 दिवसांची नोटीस खरी आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ती कलम 9अ मध्ये होती, 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता आली, तिथे कलम 40. पण ती "काहीही" बदलाला नाही. ठरलेली यादी आहे: पगार, भत्ते, कामाचे तास, रजा, श्रेणीनुसार वर्गवारी वगैरे. साहेब कोण, हे त्या यादीत नाही. त्यामुळे रिपोर्टिंग बदललं म्हणून नोटीस मागता येणार नाही. पाळीचा भत्ता कायमचा बंद झाला तर वाद घालायला जागा आहे. ओटी हा मात्र जादा काम केल्याचा मोबदला. जादा काम दिलंच नाही तर तो मागणं अवघड. जादा काम करून घेतात आणि पैसे देत नाहीत, असं असेल तर गोष्ट वेगळी.

तराजूकाटा, तुमच्या पत्रातली मला खटकलेली ओळ पगाराची नाही, रजा मंजूर करण्याची आहे. "एक्झिक्युटिव्ह" असं नुसतं लिहिल्याने कोणी कामगार असण्यातून बाहेर जात नाही, प्रत्यक्षात मुख्य काम काय ते बघतात. माल मोजणं, नोंदी ठेवणं, चलनं करणं हे कारकुनी काम, तिथे पगाराची मर्यादा लागत नाही. पण देखरेख हेच मुख्य काम ठरलं आणि पगार 18,000 च्या वर असेल तर संहितेतल्या व्याख्येतून तुम्ही बाहेर (जुन्या कायद्यात मर्यादा 10,000 होती). आता सांगा, पत्र आल्यापासून तुम्ही किती रजा मंजूर केल्या?

तराजूकाटा
एकही नाही. माझ्या हाताखाली दोन कंत्राटी पोरं आहेत, त्यांच्या रजा ठेकेदार बघतो. सिस्टिममध्ये माझ्या लॉगिनला मंजुरीचं बटणच नाही. सही मी केलीय, पण "पत्र मिळाले" लिहून तारीख टाकलीय. "मान्य" लिहिलेलं नाही.

लेबरवाली
मग ते बटण नसल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि दामूअण्णांसाठी: सही न करता महिनोन्‌महिने नवं काम गुपचूप करत राहिलात तर मान्य केलं असंच धरलं जाण्याची भीती असते. कागदावर काही विचारायचं असेल तर लवकर विचारा.

वाडीची बाई
मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. आमच्या बदल्यांच्या आदेशात तर पगाराचा उल्लेखही नसतो. जुन्या शाळेतून कार्यमुक्त, नवीन शाळेत रुजू, आणि मागून अंतिम वेतन प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र अडकलं की पगार अडकला. माझा दोन महिने अडकला होता. तुमचं प्रमाणपत्र आलं का?

हिंजवडीकर
ताई, ही बदली नाहीये, ते त्याच कारखान्यात आहेत.

तराजूकाटा
असू दे, ताईंच्या "कार्यमुक्त"वरून डोक्यात प्रकाश पडला. माझ्या जुन्या कामाचा चार्ज कोणी लिहून घेतलाच नाही! सुट्या भागांच्या रॅकची जबाबदारी अजून माझ्याच नावावर. काल मोजलं तर बेअरिंगमध्ये 43 नग कमी भरले. ते माझ्या काळातले की पंधरा दिवसांतले, कोण सांगणार?

एचआर_पण_माणूस
अशी पत्रं मी लिहिते, म्हणून शिव्या खायची तयारी ठेवून सांगते. बहुतेक वेळा यात कट नसतो, जुना मसुदा उघडून नाव बदललेलं असतं. रजेची ओळही अशीच आली असेल. आमच्याकडच्या पत्रात चार गोष्टी असतात: लागू होण्याची तारीख, कोणाला रिपोर्ट करायचं, कामाची यादी, आणि "नेमणूक पत्रातल्या इतर अटी पूर्वीप्रमाणे". ही चौथी ओळ आहे का बघा. तिच्याजागी "कंपनीच्या या दर्जाच्या नियमांनुसार" असेल तर नोटीस पिरियडही बदललेला असू शकतो. आमच्याकडे एकाचा तीसचा नव्वद दिवस झाला, त्याला राजीनामा देताना कळलं.

दुसरं म्हणजे अप्रेझल. वर्षाच्या मध्यात साहेब बदलला की आधीचे महिने हवेत राहतात. जुन्या साहेबाकडून त्या महिन्यांचा अभिप्राय ईमेलवर घ्या. तो दुसऱ्या प्लँटला गेला की कोणी लिहून देत नाही.

तराजूकाटा
चौथी ओळ आहे, हायसं वाटलं. काल एचआरला ईमेल केली. तीनच प्रश्न: ओटी आणि पाळी भत्ता कोणत्या नियमाने बंद, रजा मंजुरीची ओळ काढणार का, आणि रॅकचा चार्ज कोणाला द्यायचा. जुन्या साहेबांकडून एप्रिल ते जूनचा अभिप्राय आला, दोनच ओळी आहेत पण आहेत.

दामूअण्णा
मी तरी सही केली नसती.

तराजूकाटा
अपडेट: रजेची ओळ काढून सुधारित पत्र दिलं. "टंकनदोष" म्हणे. रॅकची मोजणी उद्या, नवा मुलगा आणि ऑडिटवाला दोघांच्या सहीने. 43 नगांचं कोणी काही बोललेलं नाही. पाळी भत्त्याऐवजी महिना 2,500 जबाबदारी भत्ता देऊ असं तोंडी सांगितलंय. ओटीबद्दल "वर विचारतो". लेबरवाली, तोंडी 2,500 घेतले तर ओटीचा प्रश्न सोडल्यासारखं होईल का?

लेबरवाली
कशाच्या बदल्यात देतात ते पत्रात कसं लिहितात, त्यावर आहे. पत्र आलं की इथे टाका, कंपनीचं नाव झाकून.