आयपीओचे अडकलेले पैसे : तुमचे अनुभव

कृष्णाकाठ, सांगली : आज बँकेचा होल्ड काढल्याचा मेसेज आला आणि वडिलांचे दिवस आठवले. तेव्हा फॉर्मसोबत चेक द्यायचे, पैसे खात्यातून जायचेच, मग शेअर नाही लागले की रिफंडसाठी पोस्टमनची वाट. आता पैसे आपल्याच खात्यात राहतात. यावेळी मी नेट बँकिंगमधून तीन लॉट भरले, ३० शेअर ४९२ नी म्हणजे लॉटला १४,७६०. एकूण ४४,२८० ब्लॉक. अलॉट झाला एकच, १४,७६० कापले नि बाकीचे २९,५२० मोकळे केले. तुमचं कसं झालं, लिहा.

माई_सातारा : आमच्या ह्यांचा हप्ता बाउन्स झाला ना यात!! खात्यात २२ हजार दिसत होते, हप्ता ९ चा, तरी परत गेला वर दंड

हळदवाला : ब्लॉक झाले म्हणजे गेलेच की ते, व्याज पण बंद

विश्रामबागकर : नाही हो दादा, व्याज चालू राहतं, पैसे खात्यातच असतात फक्त हात लावता येत नाही. माई, अ‍ॅपमध्ये दोन आकडे असतात बघा, एक एकूण शिल्लक आणि एक उपलब्ध शिल्लक. १५ हजारांचा लॉट भरला असेल तर २२ मधले हाताशी ७ च राहिले, हप्ता त्यातून जातो. म्हणून मी हप्त्याच्या खात्यातून कधीच भरत नाही.

माई_सातारा : अगंबाई, तो दुसरा आकडा कुणी बघतच नाही. सांगते ह्यांना, कुकर लावलाय येते परत

पाटील_मिरज : माझा होल्ड अजून आहे. इश्यू सोमवारी बंद झाला, आज पुढचा सोमवार, शेअर लागलेले नाहीत. बँकेत गेलो तर म्हणे शेअर वाटपाचं काम बघणाऱ्या रजिस्ट्रारकडे विचारा

विश्रामबागकर : आता बंद झाल्यावर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी होल्ड निघायला हवा, तिसऱ्या दिवशी लिस्टिंग. मधे सुट्टी नसेल तर बुधवारीच व्हायचं होतं. आधी रजिस्ट्रारच्या साइटवर पॅन टाकून अलॉटमेंट शून्य आहे त्याचा स्क्रीनशॉट घ्या. मग अर्जाचा नंबर घालून बँकेकडे लेखी तक्रार करा, तोंडी नको. होल्ड बँकच काढते, रजिस्ट्रार फक्त यादी देतो. उशिराला सेबीनं भरपाई ठेवलीय, दिवसाला १०० रुपये किंवा वर्षाला १५ टक्के, जे जास्त ते. लॉटभर रकमेला १५ टक्क्यांनी दिवसाचे सहाच रुपये होतात, म्हणजे शंभरच मागायचे.

पाटील_मिरज : हे कुणी सांगितलंच नाही राव. उद्याच अर्ज देतो. पण बँक म्हणाली यादी आलीच नाही तर?

कृष्णाकाठ : तेच लेखी मागा. उत्तर नाही पटलं तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रारीच्या साइटवर टाका

हळदवाला : बरं तीन लॉट भरले तर एक लागायचा चान्स वाढतो का मग?

विश्रामबागकर : रिटेलमध्ये खूप मागणी आली की नाही वाढत, लॉटरी एकेका लॉटचीच. तीन भरून पैसे उगाच जास्त अडकतात.

कृष्णाकाठ : पण मला एक लागला की!

माई_सातारा : आमच्या ह्यांना कधीच नाही लागत. पाटील, झालं का तुमचं ते कळवा नक्की