वाढदिवसाच्या संदेशाचे पहिले वाक्य: ‘हार्दिक शुभेच्छा’ टाळून काय लिहावे?

माजघर:
पुढच्या आठवड्यात माझ्या आत्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. तिला व्हॉट्सॲपवर जरा मोठा संदेश लिहायचा आहे, पण ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ या ओळीने सुरुवात नको, कारण त्या दिवशी तीच ओळ तिला सगळ्यांकडून येणार आहे. मी असे लिहिले: ‘आदरणीय आत्या, आपल्या अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या मंगलप्रसंगी आपणांस उदंड आयुष्य व उत्तम आरोग्य लाभो.’ वाचताना मात्र हे मानपत्रासारखे वाटते. नेमके कुठे बिघडले आहे?

बोरू:
संस्कृतचा आधार घ्यावा. ‘जीवेत शरदः शतम्’ ही सुरुवात भारदस्त वाटते आणि वयाचा मानही राखला जातो.

अनुस्वार:
भारदस्तपणा येईल, पण आत्याशी बोलणे होणार नाही. मूळ रूप ‘जीवेत्’ असे हलन्त आहे आणि त्याचा अर्थ ‘तो किंवा ती जगो’ असा, म्हणजे समोरच्या माणसाविषयी तिसऱ्याला सांगितल्यासारखा होतो. थेट म्हणायचे असेल, तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ‘शतं जीव शरदो वर्धमानः’ आहे. तिथे ‘तू जग’ असा अर्थ आहे. शिवाय हेच शुभचिंतन पंचाण्णव वर्षांच्या आजोबांना पाठवले, तर उरलेली पाच वर्षे मोजून हातात ठेवल्यासारखे होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रूढ ओळीत क्रियापद नाही, कर्ता नाही, ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ही नाही, त्यामुळे ती साहेबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत कोणालाही पाठवता येते. तुमच्या वाक्यात क्रियापद आले, पण ‘लाभो’चा कर्ता आयुष्य आणि आरोग्य आहे, तर आत्या ‘आपणांस’ होऊन बाजूला बसली आहे. तिला कर्ता करा आणि तिने केलेली एखादी गोष्ट भूतकाळात सांगा. घरी तिला ‘आपण’ म्हणता का?

माजघर:
नाही, ‘तू’च म्हणतो. ती शिक्षिका होती. मी वसतिगृहात असताना पाठवलेली पत्रे ती लाल शाईने शुद्धलेखन तपासून परत पाठवत असे.

अनुस्वार:
मग पहिले वाक्य तुमच्याजवळ आहेच: ‘आत्या, माझी वसतिगृहातली पत्रे तू लाल शाईने तपासून परत पाठवायचीस, म्हणून हा संदेश दोनदा वाचून पाठवतो आहे.’ ‘पाठवलीस’ म्हटले असते, तर एकदाच घडलेली गोष्ट वाटली असती; ‘पाठवायचीस’मुळे ती तिची सवय होते आणि थट्टेला जिव्हाळा येतो. शुभेच्छा दुसऱ्या वाक्यात येऊ द्या: ‘पंचाहत्तरीच्या शुभेच्छा, आणि चुका सापडल्या तर कळव.’ सूचनेच्या पट्टीत संदेशाचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, म्हणून ‘प्रेमळ’, ‘आदर्श’ अशा विशेषणांत ती जागा घालवू नका. ‘आठवते का तुला?’ अशी सुरुवातही मी टाळतो, कारण तिला आठवत नसेल तर वाढदिवशी उगाच परीक्षा होते.

गच्ची:
आमच्या मंडळाच्या फलकावर अध्यक्षांसाठी ‘अभिष्टचिंतन’ लिहायचे आहे. सोबत चार ओळींची कविता कोणी देईल का?

बोरू:
शब्द ‘अभीष्टचिंतन’ असा आहे, ‘भी’ दीर्घ. कविता मात्र इथल्या विषयात बसत नाही.

केळफूल:
माझा पेच वेगळा आहे. काका गेल्यानंतरचा मावशीचा हा पहिलाच वाढदिवस आहे. आनंदी सुरुवात खोटी वाटते आणि काहीच न लिहिणे त्याहून वाईट.

अनुस्वार:
‘मावशी, आजचा दिवस तुला सोपा नसेल हे ठाऊक आहे, तरी सकाळी उठल्यावर आधी तुझी आठवण झाली,’ असे मी लिहीन. दुःखाचा उल्लेख एकदाच, अर्ध्या वाक्यात व्हावा आणि पुढे सांत्वनाचा परिच्छेद जोडू नये.

बोरू:
मला हे पटत नाही. तिचा दिवस कसा जाईल हे आपण कोण ठरवणार? कदाचित नातवंडे आली असतील आणि ती हसत बसली असेल. त्यापेक्षा ‘मावशी, संध्याकाळी तुझ्याकडे जेवायला येतो आहे’ इतकेच लिहावे.

केळफूल:
मी नागपुरात आहे आणि ती पुण्यात, त्यामुळे जेवायला जाणे शक्य नाही.

अनुस्वार:
मग ‘दुपारी तीन वाजता फोन करते’ असे लिहा, आणि वेळ पाळा. बोरूंची शंका रास्त आहे, पण काकांचे नावच निघाले नाही तर सगळे त्यांना विसरले असे मावशीला वाटेल, ही माझी भीती अजून तशीच आहे. तुम्ही तिला आमच्यापेक्षा जास्त ओळखता. काकांचा विषय ती स्वतः काढते का?

केळफूल:
रोज काढते, पण आईजवळ. माझ्याजवळ अजून नाही.