मदत हवी आहे: व्यापारी गिऱ्हाईकाच्या जाहीर तक्रारीला उत्तर कसं द्यावं?

खोकेवाला:
आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. रत्नागिरीकडच्या एका आंबा व्यापाऱ्याने गूगलवर एक स्टार देऊन लिहिलंय: "५ प्लाय सांगून पातळ माल दिला. थप्पीतले खालचे खोके बसले, आंबा चेपला. फोन उचलत नाहीत. यांच्याकडून घेऊ नका."

मी लिहिलेलं उत्तर असं: "माल ५ प्लायच होता, चलन बघा. तुम्ही ओल्या फरशीवर थप्पी लावलीत, फोटो आहेत. आणि बिलाचे पैसे अजून थकलेत, ते आधी सांगा."

बायको म्हणते, टाकू नका. पण यातलं खोटं काय आहे? भांडण न करता हेच कसं मांडू?

बिनधास्त_बंडू:
उत्तरच देऊ नका. रिपोर्ट करा, उडतो रिव्ह्यू. आणि ओळखीच्यांकडून पाच स्टारवाले दहा-बारा टाकून घ्या, हा खाली जातो.

जुना_पॅकेजिंगवाला:
बंडू, रिपोर्टची सोय आहे हे खरं. पण शिवीगाळ, बनावट अनुभव असं काही असेल तरच रिव्ह्यू काढतात. माल कसा होता यावर गिऱ्हाईक आणि दुकानदाराचं जमत नसेल, तर गूगल त्यात पडत नाही. ओळखीच्यांकडून टाकून घेतलेले रिव्ह्यू मात्र नियमाबाहेर आहेत, उलट तेच उडतील.

खोकेवाले, तुमचं उत्तर तो व्यापारी वाचेलच, पण त्याच्यासाठी लिहू नका. उद्या तुमचा नंबर फिरवायच्या आधी जो दुसरा व्यापारी हे वाचणार आहे, त्याच्यासाठी लिहा. थकलेल्या बिलाचं वाचून तो एवढंच समजेल की यांच्याशी वाद झाला तर हिशेब चव्हाट्यावर येतो. ते वाक्य आधी काढा.

आता मालाचं. ५ प्लाय म्हणजे पाच थर, एवढंच. ताकद कागदाच्या जीएसएमवर, म्हणजे दर चौरस मीटरच्या वजनावर, आणि बीएफवर, म्हणजे फाटण्याआधी तो किती दाब सोसतो त्यावर ठरते. म्हणजे तुमचं "५ प्लायच होता" आणि त्याचं "पातळ होता" ही दोन्ही खरी असू शकतात. मग चलन दाखवून काय सिद्ध होणार? ऑर्डरमध्ये जीएसएम, बीएफ लिहिलं होतं का?

खोकेवाला:
नाही. माप, ५ प्लाय आणि भाव, बस. फोनचं म्हणाल तर त्यांचे कॉल रात्री दहानंतरचे आहेत. कारखाना सहाला बंद होतो.

मालवणची_माई:
आमच्या होमस्टेवर एका पाहुण्याने असंच लिहिलं होतं. मी सरळ एका रात्रीचं भाडं परत केलं आणि म्हटलं, भाऊ, तेवढा रिव्ह्यू काढ. काढला त्याने.

जुना_पॅकेजिंगवाला:
माई, पैसे परत करायला हरकत नाही. पण रिव्ह्यू काढण्याच्या बोलीवर द्यायला गूगलची मनाई आहे. शिवाय तो मेसेज त्याने जाहीर केला तर?

मालवणची_माई:
सगळेच करतात हो.

जुना_पॅकेजिंगवाला:
करत असतील. खोकेवाले, असं काही लिहा:

"नमस्कार. ऐन हंगामात खोके बसून आपल्या आंब्याचं नुकसान झालं, याचं वाईट वाटतं. ऑर्डर ५ प्लायची होती, पण कागदाचा जीएसएम आणि बीएफ त्यात ठरलेला नव्हता. यापुढे थप्पी किती उंच लागणार हे विचारून तो कोटेशनमध्येच लिहून देऊ. आपल्याकडे न वापरलेले खोके उरले असतील तर आम्ही तपासून घेतो. संध्याकाळी सहानंतर आपला फोन लागला नाही, त्या वेळेसाठी हा मोबाइल नंबर: …"

ओली फरशी यात नाही. दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो हे खरंच आहे, मे अखेरीस कोकणात तर जास्तच. पण ते इथे लिहिलंत की बोट त्याच्याकडे गेलं. फोटो फोनवर बोलताना दाखवा. आणि कोटेशनचं खरोखर करणार असाल तरच लिहा, नाहीतर पुढचा गिऱ्हाईक तेच वाक्य तुमच्यासमोर धरेल.

वकिलीण:
"वाईट वाटतं" ठीक आहे. "आमची चूक" किंवा "भरपाई देऊ" मात्र जाहीर लिहू नका. बिल थकलंय, उद्या तेच वाक्य बिलातून पैसे कापायला वापरतील.

बिनधास्त_बंडू:
म्हणजे त्याने बदनामी करायची आणि आपण नमस्कार घालायचा? दोनदा उलट लिहिलं की गप्प बसतो.

जुना_पॅकेजिंगवाला:
दोनदा लिहायची जागाच नाही. एका रिव्ह्यूखाली मालकाचं एकच उत्तर राहतं, नंतर हवं तर तेच बदलता येतं. त्याला मात्र आपला रिव्ह्यू केव्हाही वाढवता येतो.

खोकेवाला:
टाकलं. "ऐन हंगामात" काढलं, उगाच जास्त वाटत होतं. त्यांचा फोन आला, थोडे खोके शिल्लक आहेत म्हणाले, पाठवतायत. बीएफ तपासून घेतो. पण ते खोके महिनाभर त्याच दमट गोदामात पडलेत. कमी भरला तर कागद मुळात हलका होता की ओल धरल्यामुळे, हे कसं कळणार?

जुना_पॅकेजिंगवाला:
त्याच रिळाचा कागद तुमच्याकडे उरला असेल तर तोही सोबत द्या. नसेल तर अवघड आहे.